एक अट, एक ओळ

तात्यांचा नियम सोपा होता. एक अट, एक ओळ. बांधकाम मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांत ज्या काही अटी असतील त्या एकेक उचलायच्या, सोप्या भाषेत एका ओळीत बसवायच्या, पुढे काम कोणाचं आणि तपासणी कधी ते लिहायचं, आणि तक्ता देखभाल विभागाच्या भिंतीवर लावायचा. "प्लंबरला आणि इलेक्ट्रिशियनला कायद्याचं पुराण कशाला ऐकवायचं?" असं ते म्हणायचे. त्यांचा तक्ता दिसायला देखणा होता. साहेब लोक आले की त्यांना आधी तो दाखवायचे.

मी तात्यांच्या हाताखाली इथे आले, आणि ते सल्लागार होऊन आठवड्यातून दोनदा यायला लागल्यावर तक्ता माझ्याकडे आला. आमची इमारत म्हणजे वृद्धांचं निवासकेंद्र. सहा मजले. पाचवा आणि सहावा नंतर सुरू झाले. सहाव्यावर माझी आत्या राहते. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. आता तिचे गुडघे गेलेत, ती चाकाच्या खुर्चीत असते. आधी ती तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत होती, दिवसाही दिवा लावावा लागायचा. मी मॅनेजरसाहेबांच्या मागे लागून, अक्षरशः डोकं खाऊन, तिला वरची खिडकीची खोली मिळवून दिली होती. त्या खोलीचा मला फार अभिमान होता.

इमारतीची पहिली वार्षिक अग्निसुरक्षा तपासणी त्या दिवशी अकराला होती. अधिकारी येणार म्हणून मी तात्यांच्या तक्त्यावर अवलंबून न राहता मूळ कागद घेऊन बसले. तात्यांवर अविश्वास म्हणून नाही. माझा स्वभावच चिकित्सक आहे, दुसऱ्याने वाचलेलं मला वाचल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक अटीखाली मी चार गोष्टी वेगळ्या काढत होते: करायचं काय, कशा परिस्थितीत, किती दिवसांनी, आणि नाही केलं तर काय.

एकोणिसाव्या अटीपाशी माझा हात थांबला.

तक्त्यात तात्यांची ओळ होती: जिन्याचा पंखा, दर सहा महिन्यांनी चाचणी. समोर "झाली" असं दोनदा लिहिलेलं, खाली इलेक्ट्रिशियनची सही. हा पंखा गच्चीवर असतो. आग लागली की तो जिन्यात जोरात हवा ढकलतो, म्हणजे धूर जिन्यात शिरत नाही आणि माणसं त्यातून खाली उतरू शकतात. आगीत लिफ्ट वापरायची नसते, त्यामुळे जिना हाच काय तो रस्ता.

मूळ अट मात्र लांबलचक होती. धोक्याची घंटा वाजताच, मुख्य वीजपुरवठा बंद असतानाही, पंखा आपोआप सुरू झाला पाहिजे. त्याची चाचणी दर सहा महिन्यांनी घ्यावी. आणि अशी पहिली यशस्वी चाचणी अधिकाऱ्यांना दाखवली जाईपर्यंत, स्वतः चालू न शकणाऱ्या व्यक्तींना चौथ्या मजल्याच्या वर ठेवू नये.

एका अटीत तीन कामं होती. तात्यांनी मधलं ठेवलं आणि आजूबाजूची दोन्ही गाळली. वर चाकाच्या खुर्चीतली सहा माणसं होती आणि त्यातली एक माझी होती.

मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. "चाचणी घेताना मेन बंद करता का तुम्ही?"

"मेन? मेन कशाला बंद करू? बटण दाबतो, पंखा फिरतो, सही करतो." तो माझ्याकडे बघत राहिला. "तक्त्यात तेवढंच आहे ना, मॅडम."

त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं तो चोख करत होता.

मी तडक मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले. तात्याही तिथेच चहा घेत बसले होते. मी अट वाचून दाखवली. तात्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, तो माणूस तासाभरात येतोय," साहेब म्हणाले. "तो तक्ता बघेल, बटण दाबायला सांगेल, पंखा फिरेल. संपलं. तुमची ती मेन बंद करायची हौस उद्या भागवा."

"आणि उद्या पंखा नाही फिरला तर?"

"तर उद्या बघू. आज तुम्ही स्वतःहून पायावर कुऱ्हाड मारून घेताय." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक लक्षात घ्या. खाली एकही खोली रिकामी नाही. वरचे सहा हलवायची वेळ आली तर सवलतीत राहणाऱ्यांना आधी घरी पाठवावं लागेल. सवलतीत कोण आहे ते मी तुम्हाला सांगायला नको."

आत्या सवलतीत होती, आणि माझं घर म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आत्याला तिथे एकदा चढवली की ती पुन्हा खाली उतरणार नाही, हे मला आणि साहेबांना दोघांनाही ठाऊक होतं. मला त्या क्षणी त्यांचा कप भिंतीवर फेकावासा वाटला. आणि खरं सांगते, उद्याच करावी चाचणी असंही वाटलं.

"आत्ताच करू," तात्या म्हणाले. ते उठलेच. "ती ओळ माझी आहे. मला बघू दे."

साहेबांनी हात झटकले. सिस्टरने मजल्यामजल्यावर फिरून सगळ्यांना सांगितलं, की घंटा वाजेल, घाबरू नका, चाचणी आहे. इलेक्ट्रिशियन तळघरात पॅनेलपाशी गेला. मी सहाव्या मजल्यावर जिन्याच्या दाराशी उभी राहिले. हातात टिश्यू पेपरची एक पट्टी होती. पंखा चालू असला की दाराच्या फटीतून हवा बाहेर येते आणि पट्टी आडवी होते.

दिवे गेले. खालून जनरेटरची घरघर ऐकू आली, कॉरिडॉरचे दिवे परत आले. मग घंटा वाजली, कान फाडणारी. मी पट्टी फटीशी धरली.

पट्टी सरळ खाली लोंबत राहिली.

मी दार उघडलं. जिन्यात हवेचा मागमूस नव्हता. वर गच्चीकडे कान लावला, तिथेही शांतता. तात्या माझ्या मागेच उभे होते, पट्टीकडे बघत. त्यांचा चेहरा उतरला होता. "बंद कर ती घंटा," ते फोनवर म्हणाले.

इलेक्ट्रिशियन धापा टाकत वर आला. "पंख्याची लाइन जनरेटरवर घेतलेलीच नाही, मॅडम. एसीच्या पॅनेलमधून ओढलीय. मेन गेला की पंखा गेला. आता आपत्कालीन पॅनेलपासून गच्चीपर्यंत आगीत टिकणारी वेगळी केबल टाकावी लागणार. एका दिवसाचं काम नाही हे."

म्हणजे आग लागली असती, लागली की वीज जाणारच, आणि सहा माणसांना खुर्चीसकट धुराने भरलेल्या जिन्यातून उतरवायची वेळ आली असती. उतरवली असतीच असंही नाही.

अधिकारी वेळेवर आला. पोरगेलासा दिसत होता, पण बुटांची लेस ओढून बांधलेली आणि नजर छताकडे. साहेबांनी हसत स्वागत केलं, तात्यांचा देखणा तक्ता पुढे केला. "चला, आधी पंखा दाखवतो," म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, की तोंडाला कुलूप लाव.

मी माझा कागद तक्त्यावर ठेवला. "हा बघा आधी. अट एकोणीस. आज सकाळी मेन बंद करून चाचणी घेतली. पंखा सुरू झाला नाही."

अधिकाऱ्याने कागद शेवटपर्यंत वाचला.

"चौथ्याच्या वर चालू न शकणारे किती?"

"सहा. एक माझी आत्या."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. "आज संध्याकाळपर्यंत सहाही जण चौथ्यावर किंवा त्याखाली. केबलचं काम झालं की मला बोलवा, मेन बंद करून चाचणी माझ्यासमोर होईल. तोवर वर फक्त चालती माणसं."

"दुसऱ्या मजल्यावर व्यायामाचा हॉल आहे," साहेब घाईने म्हणाले. "तिथे पलंग टाकतो."

"नाही टाकता येणार," मी म्हणाले. "मंजूर नकाशात ती जागा व्यायामासाठी आहे. तिथे रात्री कोणाला झोपवायची परवानगी नाही."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याने मान डोलावली.

मार्ग सिस्टरने काढला. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ठणठणीत चालणारे काही जण होते, त्यांना वरच्या खिडकीच्या खोल्या देऊ केल्या. त्यातले चौघे आनंदाने तयार झाले, दोघांच्या मुलांशी फोनवर बराच वेळ वाद घालावा लागला. साहेबांचं सवलतीचं अस्त्र बोथट झालं, कारण आता घरी पाठवायची कोणालाच गरज उरली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. अर्धाच पडला, कारण आत्याच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली आली. समोर शेजारच्या इमारतीची भिंत. आणि हे तिला मीच सांगायचं होतं.

ती खिडकीशी बसली होती. मी पलंगाच्या कडेवर टेकले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, पंखा, केबल, भिंत, सगळं. "काही दिवसांचाच प्रश्न आहे, आत्या. काम झालं की तुझी खोली परत मिळवते. मी भांडेन."

"नको," ती म्हणाली.

"अगं, नको काय? ही खिडकी तुला किती आवडते."

"तुला आवडते." तिने माझा हात धरला. "तू एवढी धडपड करून दिलीस, म्हणून बोलले नाही. मागे एकदा ती तुमची आगीची तालीम झाली होती ना? घंटा वाजली. सगळे जिन्याने खाली गेले. मी खुर्ची ढकलत दारापर्यंत आले. तुमची एक मुलगी आली, हातात कागद, गोड पोरगी. म्हणाली, आजी, तुम्ही बसा आरामात, तुम्हाला खाली आणलं असं आम्ही लिहून टाकतो."

मला तिच्याकडे बघवेना.

"तेव्हापासून मी रात्री दार उघडं ठेवून झोपते," आत्या म्हणाली. "निदान हाक तरी ऐकू जाईल कोणाला."

मी उठले. तिची शाल, चष्मा, गोळ्यांचा डबा खुर्चीच्या पिशवीत भरला आणि तिला लिफ्टकडे न्यायला लागले. मग थांबले. इलेक्ट्रिशियनला आणि दोन मदतनिसांना हाक मारली. वजन उचलायचा पट्टा मागवला. लिफ्ट समोर उघडी असताना आम्ही चौघांनी तिला खुर्चीसकट उचलली आणि जिन्याने, एकेक पायरी करत, खाली आणली. तिने माझी मान घट्ट धरून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा घामाने अंग निथळत होतं, आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "बरं झालं. आज खरी खाली आले."