होडीआजीची ओळ

वॉर्डात तिला सगळे होडीआजी म्हणत. झटका येऊन रस्त्यात बेशुद्ध सापडलेली. नाव नाही, गाव नाही. सिस्टर तिची वेणी घालायला बसली की मात्र आजी एकच ओळ गुणगुणायची. सिस्टरला ऐकू आलं ते असं : ‘वेळी होडी मग ने.’ बाई कोळ्यांच्यातली असणार, असं तिनंच पोलिसांना सांगितलं. किनाऱ्यावरच्या गावागावांत फोटो फिरला, कुणी ओळख दाखवली नाही. मग दुसरा झटका आला आणि आजीची वाचाच गेली.

डॉक्टर म्हणाले, आता दिवस थोडे. आपलं माणूस उशाशी नसताना ही जाणार, हे सिस्टरच्या जिवाला लागलं. ती आपल्या सख्ख्या मावशीकडे गेली. मावशीनं रेडिओच्या रेकॉर्डखोलीत उभा जन्म काढलेला. श्रोत्यांच्या मोडक्यातोडक्या शब्दांवरून गाणी हुडकायची.

“म्हण बघू.”

सिस्टरनं म्हटलं.

“हे तुझे शब्द झाले गं बाई. अर्थ लागला नाही की कान घरचे शब्द भरतो. अर्थ सोड, नुसता आवाज आठव.”

सिस्टरनं डोळे मिटले. बोटं आपोआप वेणी घालू लागली. “येल्ली... होदे... मगळे.”

“शेवटी ळ? नक्की?”

“ळच. जीभ वळायची तिची.”

“मग हिंदी गेली, बंगाली गेली. आणि शब्द सगळे स्वरावर टेकतायत. तेलुगू बघू. ताटातुटीच्या गाण्यांत नेहमी येतं ते : एक्कड पोयावु?”

“छे!”

“तमिळ? एंगे पोनाय?”

“प नव्हता गं मावशी. ह होता.”

मावशी थबकली. “त्या दोघींत जाण्याला प लागतो. कन्नडात त्याचाच ह होतो. एल्लि होदे मगळे?”

“हेच! अगदी हेच!”

“थांब, नाचू नकोस. चाल जुळली तरच खरं.” मावशीनं एक जुनी तबकडी लावली. पहिली ओळ आजीसारखीच उतरत गेली.

“अर्थ काय गं?”

“कुठे गेलीस, पोरी.”

“आणि होडी?”

“होडी तू घातलीस,” मावशी हळूच म्हणाली.

पोलिसांनी फोटो त्या भाषेच्या मुलखात पाठवला. आई हरवल्याची तक्रार तिथं केव्हाची पडून होती. लेक मिळेल त्या गाडीनं निघाली. पोचली तेव्हा आजी पहाटेच गेलेली. शवागारात पायाला चिठ्ठी होती : होडीआजी.

“काही बोलायची?” लेकीनं अडखळत्या मराठीत विचारलं.

सिस्टरनं ओळ म्हटली, या वेळी बरोबर.

लेकीनं आईवरची चादर सारखी केली. “मी घरीच होते,” ती म्हणाली. “दार उघडं ठेवून.”

सिस्टरनं ती चिठ्ठी सोडली, आजीचं खरं नाव विचारून घेतलं, आणि खिशातला कंगवा लेकीच्या हातात दिला.