पांढरा पडलेला टॉवेल

धारूरच्या माझ्या दवाखान्यात छबुबाईंनी लाल टॉवेल टेबलावर आपटला. त्यावर पांढरे डाग पडले होते.

"डाक्टरीणबाई, पोरीला कोड उठवायचं व्हतं का? ती बेन्झॉइलची ट्यूब मी उकिरड्यावर फेकली!"

शेजारी त्यांची मुलगी तेजश्री मान खाली घालून बसली होती. गाल पुन्हा मुरुमांनी भरले होते.

"कधी फेकली?"

"चार महिने झाले. नुसतं ते दुसरं मलम, क्लिंडामायसिन, लावती. आदी उतरलं, आता उतरंना."

माझं डोकंच फिरलं. "अहो, एकट्या क्लिंडामायसिनला जंतू सरावतात, मग मरत नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइडला ते सरावत नाहीत, म्हणून दोन्ही सोबत दिली होती. बेन्झॉइलनं कापडाचा रंग उडतो. कातडीवर कोड येत नाही!"

"आयतवारी पावणे बघायला येत्यात. तवर जाईल?"

"नाही. आता नीट लावलं तरी दोन-तीन महिने लागतील."

छबुबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "मग पावण्यांना काय सांगू?"

तेजश्रीनं टॉवेल उचलून नीट घडी घातली.

"तू काय सांगू नको. त्यांना हात पुसायला ह्योच दे. इचारलं तर डाग कशानं पडलं ते मी सांगते."