फौजदाराचं सलाईन

युसूफ वडगावच्या चारा छावणीत त्या उन्हाळ्यात सहाशे जनावरं बांधलेली होती. छावणी गावच्या दूध सोसायटीची, आणि जनावरांची तपासणी डॉक्टर शिवकन्याकडे. नोकरीला लागून तिला जेमतेम आठ महिने झाले होते.

मंगळवारी सकाळी छबुबाई पदराखाली काहीतरी घेऊन आली. छावणीत तिच्या दोन गाई होत्या. पदर बाजूला केला तर कुत्र्याचं अडीच महिन्यांचं तांबडं पिल्लू निघालं, मान टाकलेलं.

"बाई, ह्यो आमचा फौजदार. कालपासनं वकतोय. आज रगत पडलं."

वास आला तसं शिवकन्याला बरंच कळलं. तरी तिने विष्ठेचा नमुना तपासणीच्या पट्टीवर टाकला. दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली.

"मावशी, पार्वो आहे, कुत्र्यांचा रक्ती हगवणीचा रोग. लस दिली होती का?"

"न्हाई वो. गाईचं दूध पितोय म्हणलं, त्याला कशाला लागंल?"

तेवढ्यात सोसायटीचा सचिव सुग्रीव दारात आला. "बाई, हे छावणीत नको. गाईंना लागलं तर लोक मला सोडणार न्हाईत."

"गाईंना हा रोग होत नाही, सुग्रीवभाऊ. माणसांनाही नाही. भीती आहे ती बाकीच्या कुत्र्यांना. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून टॅंकरच्या पाण्यासाठी आणलेली ब्लीचिंग पावडर थोडी द्या, आणि कडेचं पत्र्याचं शेड रिकामं करून द्या."

सुग्रीव कुरकुरला, पण शेड रिकामं झालं. सोसायटीचा अडगळीतला जुना काटाही मिळाला. वजन भरलं चार किलो. हिरड्या पांढऱ्या, पाय गार, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी.

"ह्याच्यावर औषध न्हाई का?" छबुबाईने विचारलं.

"विषाणू मारणारं हक्काचं औषध नाही. तो आतड्याचं अस्तर सोलतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतो. शरीर त्या पुन्हा बनवेपर्यंत आपण याला तगवायचं."

पायाची शीर सापडायला तीन प्रयत्न लागले. आधी पंधरा मिनिटांत ऐंशी मिली रिंगर लॅक्टेट सलाईन गेलं, तेव्हा कुठे हिरड्यांवर गुलाबी झाक आली. मग शिवकन्या वहीत हिशेब मांडायला बसली आणि छबुबाईला मोठ्याने सांगू लागली. अंगातलं पाणी आठ टक्के आटलंय, म्हणजे तीनशे वीस मिली. त्यातले ऐंशी गेले. राहिलेले दोनशे चाळीस आठ तासांत, ताशी तीस. रोजची गरज ताशी दहा. एकूण चाळीस.

"या बारीक नळीतून मिनिटाला चाळीस थेंब पडले की तासाला चाळीस मिली होतात. आणि हा ओकला, हगला, तर तेवढं अंदाजाने वाढवायचं. त्याच्या खालचं फडकं फेकू नका, मला दाखवा."

"आमाला टॅंकरचं पाणी मोजून, आन् ह्याला पण मोजूनच," छबुबाई म्हणाली आणि पोत्यावर मांडी घालून थेंब मोजू लागली.

सलाईनमध्ये साखर आणि बेताचं पोटॅशियम घातलं, उलटी थांबवायचं आणि जंतुसंसर्गाचं इंजेक्शन दिलं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कुशीला ठेवल्या. रक्ताचा नमुना दुधाच्या गाडीतून अंबाजोगाईच्या लॅबला गेला. दुपारी फोन आला: पांढऱ्या पेशी नऊशे. शिवकन्याचा चेहरा उतरला. निदान सहा हजार तरी हव्या होत्या.

"खरं सांगा, वाचंल का?"

"आज नाही सांगता येत, मावशी. उद्या पुन्हा रक्त बघू. चोवीस तासांत पेशी वर सरकल्या तर आशा धरायची. आणखी घसरल्या, अंग गार पडत गेलं, तर अवघड. पहिले तीन-चार दिवस काढले तर बहुतेक पिल्लं तरतात."

संध्याकाळी काट्यावर चार किलो दोनशे ऐंशी भरलं. पाणी अंगात टिकत होतं. आता थेंब कमी केले.

बुधवारी सकाळपासून उलटी नव्हती, म्हणून शिवकन्याने कोंबडीचं अळणी पाणी सांगितलं, दोन-दोन चमचे, दर दोन तासांनी.

"मीठ न्हाई, मिरची न्हाई? मग त्ये पिईल कसं?"

"आतड्याला अन्न लागतंच, तेव्हाच अस्तर लवकर भरतं. चव नंतर."

फौजदाराने पहिला चमचा गालातून गळू दिला. दुसरा गिळला. तिसऱ्याला त्याने चमचाच चावला. छबुबाई हसली तशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दुपारी लॅबचा फोन: दोन हजार चारशे. शिवकन्याने आकडा दोनदा विचारून घेतला आणि शेडकडे जवळजवळ धावतच गेली. वाटेत सुग्रीव उभा होता.

"वाढल्या का?" त्याने विचारलं, आणि आपण विचारलं याचंच त्याला नवल वाटलं.

"वाढल्या."

शुक्रवारी फौजदाराने सलाईनची नळी तोंडात धरून ओढायला सुरुवात केली, तेव्हा शिवकन्याने सुई काढली. अजून दोन आठवडे विष्ठेतून विषाणू पडणार, म्हणून तोवर घरातच बांधून ठेवायचा, फरशी ब्लीचने धुवायची, अशी ताकीद दिली.

"बांधून? ह्याला?" छबुबाई म्हणाली. फौजदार तिच्या चपलेचा पट्टा सोडवत होता.

सोमवारी शिवकन्याने गावातल्या कुत्र्यांसाठी लशीचा डबा उघडला. रांगेत पहिला सुग्रीव होता, काखेत काळं पिल्लू. "छावणीचं हाय," तो म्हणाला. पिल्लाच्या गळ्यात त्याच्या मुलीच्या केसांची रिबन होती.