टीप सहावी

माझा भाऊ हरिदास टिपांच्या बाबतीत भारी काटेकोर. त्याच्या प्रबंधाची पक्की प्रत मी लिहून द्यायची, म्हणून मलाही पढवून ठेवलं होतं. आधार पहिल्यांदा आला की पूर्ण टीप: नाव, गाव, तारीख. लगेच पुढची टीप त्याच आधाराची असली तर नुसतं 'तत्रैव', म्हणजे वरचंच. मध्ये दुसरा कोणी घुसला तर मात्र तत्रैव चालत नाही, नाव पुन्हा घालून पुढे 'उनि', म्हणजे उपरिनिर्दिष्ट, लिहायचं.

प्रबंध जात्यावरच्या गाण्यांवर, आणि गाणी आमच्या मायची. अल्लीपूरच्या ओसरीत बसून तिनं सगळी सांगितली, एक सोडून. माझी धाकटी बहीण जयवंता तापानं गेली, तेव्हा मायनं स्वतः रचलेलं ते गाणं. हरिदास फार मागे लागला तेव्हा दिलं.

"माह्या पोरीचं हाय," माय म्हणाली. "खाली माहं नाव पायजे."

त्यानं शब्द दिला. चौथी टीप पूर्ण: आनंदाबाई चिंधू थूल, प्रत्यक्ष मुलाखत, अल्लीपूर, १२ मे १९७६. पाचवी जयवंताच्या गाण्याची: तत्रैव. बरोबर होतं.

१९७९ साली वर्ध्यात त्याचं पुस्तक छापायला गेलं. प्रुफं मार्गदर्शक रूपराव काळमेघ सरांकडे. गाण्याच्या चालीवरच्या स्वतःच्या ग्रंथाचा उल्लेख राहून गेलाय हे सरांच्या बरोबर लक्षात आलं. चार आणि पाचच्या मध्ये त्यांनी आपली टीप घातली: रूपराव काळमेघ, ओवीची चाल, पृ. ५२. छापखान्यानं पाचाचे सहा केले, तत्रैव तसंच राहिलं. सरांनी बघितलंय म्हटल्यावर हरिदासनं पुन्हा बघितलं नाही. आयुष्यभर टिपांचं पुराण सांगणारा माणूस, आणि नेमकं तिथंच डोळे मिटले त्यानं!

छापून आल्यावर चूक दिसली. तो सरांकडे गेला, तर सर म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. कसली दुसरी आवृत्ती अन् कसलं काय, पहिलीच्याच प्रती पलंगाखाली पडल्या होत्या.

पुस्तक गावी नेलं. मायनं हात धुतले, पदराला पुसले आणि ते मांडीवर घेतलं. जयवंताचं गाणं कोणतं, विचारलं. मी बोट ठेवलं. मग तिनं पानाच्या तळाशी बोट नेलं. हरिदास उठून अंगणात गेला.

"इथं माहंच नाव हाय ना, कमला?"

मला खोटं बोलता येईना. जीव तुटत होता, पण येईना. सांगितलं, इथं 'वरचंच' लिहिलंय माय, आणि वर सरांचं नाव आहे. म्हणजे वाचणाऱ्याला हे गाणं त्यांचं वाटेल.

माय बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. तिला खरंच कळत नव्हतं.

"काऊन व," तिनं हळूच विचारलं, "सरायचीबी पोरगी गेलती का?"