सभेला लागलेली झोप

शाळेची पालकसभा शनिवारी होती, आणि रोहिणी त्या सभेला झोपून राहिली. दवाखान्यात आयाचं काम, तेही रात्रपाळीचं. सकाळी घरी येऊन ती जरा टेकली, ती उठली तेव्हा थोरल्या लेकीच्या, पायलच्या सभेची वेळ कधीच टळून गेली होती. मोबाईलचा गजर कुणीतरी बंद केला होता. कुणी, ते विचारायची गरज नव्हती. तिचा नवरा ट्रकवर गुजरातेत, आणि पहिलीतल्या धाकट्या धम्मपालला अजून गजर कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं.

पायलवर ती ओरडली नाही. ओरडायलाही अंगात जीव लागतो. पण मनात पाल चुकचुकली. या खेपेला मॅडमनी डायरीत मुद्दाम लिहिलं होतं की शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल बोलायचं आहे, अवश्य यावे. परीक्षेला बसणाऱ्यांची नावं गुरुवारी जाणार होती. पोरीनं सातवीत येऊन दिवे लावले असणार, म्हणूनच आईला झोपू दिलं, असं तिनं धरून टाकलं.

आता माफी मागणं आलं. वर्गाच्या ग्रुपवर लिहायची सोय नव्हती, तिथं फक्त मॅडम लिहीत. त्यांच्या नंबरवर वेगळा मेसेज टाकायचा, तोही शाळेच्या वेळेनंतर, असा नियम होता. ड्युटीवरच्या तबस्सुमनं सल्ला दिला, सासू सिरियस आहे म्हणून टाक, सगळे तेच टाकतात. रोहिणीची सासू नांदगावात ठणठणीत होती आणि तिला फुकटचं आजारी पाडायचं रोहिणीच्या जिवावर आलं. तिनं एकदा लांबलचक लिहिलं, पाळी, नवरा, गजर, सगळं रामायण. वाचून तिलाच कंटाळा आला. मग सगळं खोडून एवढंच ठेवलं:

‘नमस्कार मॅडम. मी पायलची आई, सातवी ब. शनिवारी मीटिंगला आले नाही, माफ करा. रात्रपाळीहून आले आणि झोप लागली. चूक माझी आहे. गुरुवारच्या आत तुम्हाला जमेल ती वेळ द्या, मी येते. पेपरही बघायचे आहेत.’

शेवाळे मॅडमचं उत्तर आलं: बुधवारी मधल्या सुट्टीनंतर माझा तास मोकळा आहे. डायरी आणा, गेटवर दाखवा.

बुधवारी रोहिणी अर्धवट झोपेतून उठून पंचवटीतल्या त्या शाळेत गेली. वॉचमननं डायरी बघून नोंद करून घेतली. रिकाम्या वर्गात मॅडमनी पायलच्या उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवल्या, एकेक बघा म्हणाल्या. गणितात चांगले गुण होते. मराठीत तर वर्गात पहिली. रोहिणी पानं उलटत राहिली, चूक कुठं आहे ते तिला सापडेना. प्रगतिपुस्तकावर सही करताना तिनं विचारलं, मग मॅडम, बोलावलं कशाला?

मॅडम थोड्या तुटकपणे म्हणाल्या, "मीच तुम्हाला विचारणार होते. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला तुम्ही नको का म्हणता? मुलगी आहे म्हणून?"

"मी कधी नको म्हटलं?"

पायलनं वर्गात सांगितलं होतं, मम्मी नको म्हणाली. त्यात मम्मी सभेलाही आली नाही. मॅडमनी आपली मनाशी गाठ मारून ठेवली की या घरात मुलीचं शिक्षण कुणाला नको आहे. यादीतून पायलचं नाव त्या काढणारच होत्या. "पण तुमचा मेसेज आला," त्या म्हणाल्या. "या वर्षी माझ्या वर्गात कितीतरी सासवा आजारी पडल्यात. झोप लागली म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या."

जादा तास सकाळी आठला. रोहिणीला सगळं उमगलं. त्याच वेळी धम्मपालचं आवरून, डबा भरून त्याला शाळेत सोडायला पायल जायची, आणि रोहिणी दारातून येऊन थेट अंथरुणावर पडायची. पोरीनं आईच्या झोपेपायी परीक्षा सोडली होती, आणि सभेत ते उघडं पडू नये म्हणून गजरही बंद केला होता. आपण मात्र तिलाच नापास करून बसलो, याची रोहिणीला मनापासून लाज वाटली. तिनं संमतिपत्रावर सही केली.

संध्याकाळी पायल घरी आली ती दप्तरही न उतरवता दारातच थांबली. मॅडम काय म्हणाल्या, तिनं विचारलं.

"उद्यापासून आठच्या तासाला जायचं. धम्मपालला मी सोडीन."

"आणि तू झोपणार कधी?"

रोहिणी पोळ्या लाटत होती. डोळे मिटत होते, थकवा तर काही एका रात्रीत जाणारा नव्हता.

"माझी झोप झाली," ती म्हणाली. "शनिवारी, सभेच्या वेळी."