ऑनबोर्डिंगची ओळ

मुलाखत छान रंगली होती. कस्टमर सक्सेस मॅनेजर म्हणून तिनं चाळीस मोठे ग्राहक सांभाळले होते आणि त्यातल्या बहुतेकांनी सॉफ्टवेअरचे करार पुन्हा केले होते. रेझ्युमेतलं हे सगळं खरं होतं. एकच ओळ तिला बोचत होती: ‘नवं ऑनबोर्डिंग बसवून सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण अठरावरून अकरा टक्क्यांवर आणलं.’ आकडा खरा होता, पण ते ऑनबोर्डिंग, म्हणजे नव्या ग्राहकाला सॉफ्टवेअर वापरायला लावायची पद्धत, बसवलं होतं शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी. कपातीत त्यांची नोकरी गेली, तेव्हा ती ओळ हिनं बिनदिक्कत आपल्या नावावर केली.

“हे कसं जमवलंत?” समोरच्या मॅनेजरनं विचारलं.

“आधी ग्राहकाचा जुना डेटा आणायचा, मग रोज वापरणाऱ्या माणसांनाच शिकवायचं, आणि महिन्याभरात कोण वापरत नाही ते बघायचं.”

“गंमतच आहे! तुमच्या कंपनीतल्या एक बाई नेमकं हेच सांगून गेल्या. त्यांच्याकडे सगळे छोटे ग्राहक, म्हणून आम्हाला वाटलं, कुणाचं तरी ढापलंय. नकार कळवला.”

तिनं टेबलावरच्या रेझ्युमेतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ढापलंय मी,” ती कशीबशी म्हणाली. “काम त्यांचंच आहे. मी फक्त माझ्या ग्राहकांना लावलं.”

मॅनेजरनं रेझ्युमे बाजूला सारला.

आठवड्याभरानं ताईंचा फोन आला. “अगं, त्यांनी मला परत बोलावून घेतलं! तुझीही मुलाखत होती ना तिथे, तुझं काय झालं?”

“नाही जमलं,” ती म्हणाली. का, ते सांगायला तिची जीभ रेटली नाही.