जावयामागचा पोल

स्थळाच्या फोटोत सगळे मुलगा बघतात. पारोळ्याचे रुपचंद आबा मुलामागचा पोल बघत.

वीज मंडळात अडतीस वर्षं लाइनमन म्हणून काढल्यावर माणसाची नजर जमिनीपासून आठ मीटर वरच जाऊन बसते. गेल्या साली भाऊबंदांत दुबईचं एक स्थळ आलं होतं. फोटोत काळा चष्मा, रुंद रस्ता, मोटार. आणि मागे सिमेंटच्या चौकोनी पोलावर तारा धरणारा व्ही आकाराचा क्रॉसआर्म, त्यावर तपकिरी चिनीमातीचे तीन पिन इन्सुलेटर. "हाई दुबई धुय्याना बायपासवर शे," आबा म्हणाले. निघालीही तिथेच. तेव्हापासून आबांनी पाहिल्याशिवाय घरात कुठलाच फोटो पास होईना.

त्यामुळे नात दिपमालासाठी फैजपूरचा प्रेमराज सांगून आला, तेव्हा तिचा बाप योगेंद्र आधी मोबाईल घेऊन आबांच्या खाटेशी आला. मुलगा सहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला. दिपमाला महिनाभर त्याच्याशी फोनवर बोलत होती आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता. फोटोत तो घरासमोर रस्त्याकडेला लाल गाडीला टेकून हसत होता.

आबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मुलगा बाजूला सरकून पार नाहीसा झाला.

"पोल खोटा," आबा म्हणाले. "दोन लोखंडी पट्टा, मझार सिमेंट भरेल, आनी बोल्ट मारेल. बिस्किटमा क्रीम भरतंस तसं! असा पोल जगमा नही. ज्याना पोल खोटा, तो पोऱ्या खोटा."

योगेंद्रने नकार कळवायला लगेच मध्यस्थाचा नंबर काढला.

"पप्पा, थांबा!" दिपमालाने फोन हिसकावला. "आबा, तिकडं असेच पोल असतात. लाकडाला वाळवी लागते, म्हणून लोखंड-सिमेंटचे करतात. मी गेममध्ये शंभरदा पाहिलेत."

"कोनता गेम?"

गेमचं खरंच होतं. जगातल्या कुठल्याही रस्त्याचा फोटो समोर येतो, आणि तो कुठला ते नकाशावर टिचकी मारून सांगायचं. पाट्या नसल्या की दिपमाला पोलांवरून ओळखायची. घरात हा अभ्यास समजला जात होता, कारण ती खेळताना वही उघडी ठेवायची.

"तो कॉम्प्युटर चित्रं काढस," आबांनी निकाल दिला.

"मग खेळून बघा. एकही पोल खोटा निघाला तर मीच नाही म्हणेन."

पहिला फोटो आला. सिमेंटच्या पोलाला खालपासून वर शिडीसारखी भोकं.

"ठेकेदारनी सिमेंट खादं," आबा म्हणाले.

"रोमानिया," दिपमाला म्हणाली आणि टिचकी मारली. हंगेरी निघालं, म्हणजे शेजारचंच.

"तथाबी ठेकेदार शेतस," आबांना जरा बरं वाटलं.

दुसरा फोटो पाहून दिपमाला म्हणाली, "भारत. महाराष्ट्र असेल."

आबा खाटेवरून उठले. "आन इकडे. अकरा केव्हीनी लाइन शे. सरळ लाइनले पिन ऱ्हातंस, आठे आडवी डिस्क लायेल शे, म्हंजे वळण. वळणले बाहेरतीन ताणनी तार पाह्यजे. त्या शेतवालानी ताणले जागा दिन्ही नही, म्हनीसन मी मझारतीन टेकूना तिरपा पोल उभा कया. पहूरना वळण! मनाच हातना पोल शे!"

त्यांनी स्वतः टिचकी मारली. सहाशे मीटरची चूक. तीही, आबांच्या मते, नकाशाची. योगेंद्रला त्यांनी दोनदा आकडा वाचायला लावला.

आता आबा खाटेवर मांडी घालून बसले, चष्मा पुसला आणि दिपमालाला बोलूच देईनात. तिसरा फोटो उघडला. वाळकं गवत, सरळ रस्ता, आणि कडेला दोन लोखंडी पट्ट्यांत सिमेंट.

"अ‍ॅडलेड!" आबा ओरडले आणि कुणी काही म्हणायच्या आत टिचकी मारून मोकळे झाले.

पडद्यावर टिचकी आणि खरी जागा जोडणारी हिरवी रेघ उमटली. शहरापासून चाळीस किलोमीटर.

आबा आनंदाने सगळ्यांकडे पाहत होते. कुणीच टाळ्या का वाजवत नाही, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"जगात नसलेला पोल बरोबर ओळखलात, आबा," दिपमाला म्हणाली.

आबांनी चष्मा काढला, परत घातला. "योगेंद्र, फैजपूरले फोन लाव," ते म्हणाले. "पन पोऱ्यासंगे मी बोलसू."

व्हिडिओ कॉलवर प्रेमराज धुतलेला शर्ट घालून बसला होता. नोकरी, घर, आहार, सगळ्याची उत्तरं त्याने पाठ केली होती. आबांनी त्याला रस्त्यावर नेलं आणि अर्धा तास फोटोतल्या त्या पोलाच्या चारही बाजू दाखवायला लावल्या.

"बोल्ट किती शेतस?"

"मोजले नाहीत कधी, आबा."

"सहा वरीस त्याखाले गाडी लावस आनी मोजा नहीत?" आबांनी निराश होऊन फोन नातीकडे दिला. "पोऱ्या खरा शे. पन ध्यान नही त्यानं."

"मी गेले की मोजते," दिपमाला म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.